सुधारित अंदाज

राज्याचं बजेट बायकांना समजावून सांगायचं असेल तर घरखर्चापासून सुरुवात करा, असं आम्हाला वर्ध्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. आधी किराणा, मग पोरांची फी, मग दूधवाला, आणि मग हळूच म्हणायचं की सरकारचंही असंच असतं बरं का. मी तिथेच हात वर करून म्हटलं की सरकारचं असं अजिबात नसतं. बाईनं पोराच्या दप्तरासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुसरीकडे वळवले तर संध्याकाळी तिला त्या पोराला तोंड द्यावं लागतं. सरकारला कुणाला तोंड द्यावं लागतं? प्रशिक्षक हसले आणि म्हणाले, मॅडम, चर्चेच्या सत्रात घेऊ. चर्चेचं सत्र जेवणानंतर होतं आणि जेवणानंतर ते गाडी पकडायला गेले.

मला राग लवकर येतो हे मला ठाऊक आहे. सेलूला आमचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं आणि हवा तो माल नसला तर वडील सरळ 'नाही' म्हणायचे. बाजूचा दुकानदार मात्र 'माल येऊन राह्यला' म्हणून माणसाला आठवडाभर चकरा मारायला लावायचा, आणि माल मागवलेलाच नसायचा. वडील म्हणायचे, नाही म्हटल्यानं गिऱ्हाईक एकदा जातं, येऊन राह्यला म्हटल्यानं त्याचा आठवडा जातो. मी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स शिकवलं, निवृत्त झाले, आणि वर्ध्याच्या एका छोट्या संस्थेसाठी गावोगावच्या बचत गटांना राज्याचं बजेट समजावून सांगायला लागले. दुकानातली ती सवय काही सुटली नाही. कुणी 'येऊन राह्यला' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

ज्या गावाची ही गोष्ट आहे ते आंजीच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत आहे. मार्च संपत आला होता. बजेट नुकतंच विधिमंडळात मांडून झालं होतं आणि टीव्हीवर महिला व बालविकासाच्या नावानं मोठमोठे आकडे पळत होते. गटाची बैठक त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये होती. आत पाऊल टाकलं तर भिंतीवर 'अ अननसाचा', एका कोपऱ्यात बुटक्या लाल खुर्च्या, वजनाचा काटा, आणि दुसऱ्या कोपऱ्यात निळी ताडपत्री घातलेलं भलंमोठं काहीतरी. मला वाटलं मी चुकून अंगणवाडीत शिरले.

चुकून नव्हतं. शेड गटाचीच होती आणि ताडपत्रीखाली गटाची डाळ मिल होती. छोटं यंत्र, तुरीची डाळ काढणारं. चार-पाच गावांतले लोक आपली तूर घेऊन यायचे. भिजवणं, वाळवणं, तेल लावून पुन्हा उन्हात टाकणं, सगळं बायका करायच्या. चुरी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं, गुरांना जायची. पण या वर्षी ऐन हंगामात यंत्र झाकलेलं होतं. काय झालं ते मला गटाच्या अध्यक्षबाईंनी सांगितलं. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या.

अंगणवाडीची जुनी इमारत मागच्या पावसाळ्यात धोकादायक ठरली. निर्लेखन झालं, म्हणजे सरकारी कागदावरून ती खोडून टाकली आणि दाराला कुलूप घातलं. लेकरं समाजमंदिरात बसायला लागली. दिवाळीनंतर तिथे लग्नं सुरू झाली. मांडव पडला की लेकरांना घरी पाठवायचं, खिचडी डब्यात द्यायची. अंगणवाडीच्या सेविका याच गटाच्या सदस्य. त्या एकदा बैठकीत रडल्या, लेकराचं वजन करायला काटा ठेवायलाही जागा नाही म्हणून. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बालविकास प्रकल्पाचे साहेब पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी माइकवरून सांगितलं की काळजी करू नका, नव्या खोलीचं काम सुधारित अंदाजात धरलेलं आहे.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तीळगूळ वाटून झाल्यावर तिथल्या तिथे ठरलं की खोली होईपर्यंत लेकरं गटाच्या शेडमध्ये बसतील. यंत्र आणि लेकरं एका छताखाली चालत नाहीत. भुसा उडतो, पट्ट्यात बोट जायची भीती, आवाजानं लहानं दचकून रडतात. म्हणून यंत्र झाकलं. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं त्यांना वाटलं. तूर घेऊन आलेल्या लोकांना त्यांनी परत पाठवलं, आणि लोक हिंगणघाटच्या मिलकडे गेले.

हे सगळं त्या मला आनंदानं सांगत होत्या. मलाही वाटलं, बरं झालं, चला, निदान एका गावाचं तरी काही मार्गी लागतंय. 'सुधारित अंदाज' हा शब्द माझ्या कानावरून गेला आणि मी थांबले नाही. मी त्याच शब्दाचा धडा घ्यायला आले होते, म्हटलं येईलच पुढे.

सुरुवात टीव्हीवरच्या मोठ्या आकड्यापासून केली, कारण सगळ्यांनी तो ऐकला होता. मी सांगितलं की नाव मोठं लक्षण खोटं अशी त्याची गत आहे. हा आकडा एक नाही, त्यात पुष्कळ ओळी आहेत. तुमच्या खात्यात दर महिन्याला जे पैसे येतात ती एक ओळ, आणि ती एवढी लठ्ठ झाली आहे की विभागाचा बहुतेक आकडा तिनंच व्यापला आहे. लेकरांचा पोषण आहार ही वेगळी ओळ, सेविका-मदतनिसांचं मानधन वेगळी, बालगृहं वेगळी, इमारती वेगळ्या. एकूण आकडा वाढला म्हणजे प्रत्येक ओळ वाढली असं नाही. एखादी ओळ उपाशी असताना बेरीज गुटगुटीत दिसू शकते.

मागे बसलेल्या एका तरुण सुनेनं विचारलं, मग आम्हाला पैसे मिळतात म्हणून लेकराची खोली होत नाही का? प्रश्न सरळ होता, पण त्यात मला भीती ऐकू आली. हा प्रश्न बायकांना स्वतःला विचारायला लावावा यासारखी दुसरी लबाडी नाही. मी जरा जोरातच म्हटलं की हे तुम्ही मनातही आणू नका. आईला मिळालं म्हणून लेकराचं काढायचं हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. कुठल्या ओळीत किती ठेवायचं हे वर बसून माणसं ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेल्याचा दोष तुमच्या पदरात टाकू नका. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली. तिला पटलं की नाही कुणास ठाऊक.

मग मी तरतुदीवर आले. तरतूद म्हणजे पैसे नव्हेत, पैसे खर्च करायची परवानगी. हे समजायला त्यांना अडचण आली नाही, कारण बँकेचं कर्ज मंजूर होणं आणि खात्यात जमा होणं यात किती पाणी वाहून जातं हे गटातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. तरतूद झाली तरी निधी वरून सोडावा लागतो. तो जिल्ह्याला यायला हवा, मग जिल्ह्यात कामं ठरायला हवीत, प्रशासकीय मान्यता हवी, आणि मगच गवंड्याच्या हातात थापी येते. बजेटच्या पुस्तकात तुमच्या गावाचं नाव शोधू नका, मी म्हटलं, तिथे गाव नसतं. तिथे लेखाशीर्ष असतं, म्हणजे खर्चाच्या एका प्रकाराचा नंबर आणि नाव. गाव येतं ते जिल्ह्यात.

हेही ठीक गेलं. मग अंगणवाडीच्याच फळ्यावर मी चार रकाने आखले, कारण पुस्तक उघडलं की हेच चार रकाने दिसतात. पहिला, सरत्या वर्षाच्या आधीच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला. दुसरा, सरत्या वर्षासाठी गेल्या मार्चमध्ये किती धरले होते, तो अर्थसंकल्पीय अंदाज. तिसरा, त्याच सरत्या वर्षाचा सुधारित अंदाज. चौथा, येत्या वर्षासाठी किती धरले.

तिसरं नाव वाचल्याबरोबर सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खडू हातात धरून उभी राहिले. मला कळेचना. सेविकाबाई मोठ्या कौतुकानं शेजारणीला म्हणाल्या, पाह्य, आपलं नाव आलं. अध्यक्षबाईंनी मला समजावलं.

"आमचं गाव त्याच्यातच आहे, ताई. सुधारितमंधी. साहेबानंच सांगतलं."

मी विचारलं की सुधारित म्हणजे तुम्ही काय समजलात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शाळेत गेले नव्हते.

"तुरीचं सुधारित बियानं येते ना, तसं. पयले साधं. मंग सुधारित. त्याचं पीक जास्त."

बाकीच्या हसल्या. अगदी बरोबर होतं त्यांचं. कृषी विभागाचा माणूस दरवर्षी येऊन याच शब्दानं बियाणं देतो, सुधारित वाण, सुधारित अवजारं, आणि प्रत्येक वेळी सुधारित म्हणजे चांगलं, जास्त, पुढचं. शब्द सरकारनंच शिकवला होता. मग त्याच सरकारच्या दुसऱ्या माणसानं त्याच गावात येऊन तोच शब्द माइकवरून म्हटला, तर बायकांनी दुसरा कुठला अर्थ घ्यायचा होता?

माझ्या पिशवीत त्या लेखाशीर्षाच्या पानांच्या छायाप्रती होत्या. अंगणवाडी बांधकामाची ओळ मी आदल्या दिवशीच लाल पेन्सिलीनं घेरून ठेवली होती, उदाहरण म्हणून. उदाहरण! मी फळ्यावर दोन आकडे लिहिले, दुसऱ्या रकान्यात आणि तिसऱ्या रकान्यात. बचत गटातल्या बाईला दोन आकड्यांत लहान कुठला हे सांगावं लागत नाही.

मी सांगितलं की सुधारित म्हणजे इथे फक्त बदललेला. वर्षाच्या मध्यावर पुन्हा हिशेब बघतात, तेव्हा आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही. या ओळीत खाली गेला आहे. जिल्ह्याकडे पैसे कमी आले की कामांची संख्या कमी करावी लागते, आणि जी कामं 'सुधारित अंदाजात बघू' म्हणून मागे ठेवलेली असतात ती आधी जातात. साहेब जे बोलले त्यावरून तुमची खोली त्या मागच्यांतच होती.

सेविकाबाई उठून काट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, उगाच त्यावरची धूळ पुसत. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मंग तो साहेब आमच्याशी खोटं बोलला काय?"

"नाही," मी म्हटलं, "तो खरं बोलला." आणि हे म्हणताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं. या माणसानं एकही शब्द चुकीचा उच्चारला नव्हता. टाळ्या वाजल्या तेव्हा त्याला कळलं असणारच की या बायका काहीतरी भलतंच समजल्या आहेत. नाहीतर सुधारित अंदाजावर टाळ्या कोण वाजवतं? वित्त विभागातसुद्धा कुणी वाजवत नसेल. तो टाळ्या घेऊन, तीळगूळ घेऊन, गाडीत बसून गेला. माल येऊन राह्यला.

पुढचा धडा राहिला. दोन दिवसांनी अध्यक्षबाई, सेविकाबाई आणि मी साहेबांच्या कार्यालयात गेलो. सेविकाबाईंना यायचं नव्हतं. साहेब त्यांचे वरिष्ठ, उद्या कारणे दाखवा नोटीस आली तर काय करणार. अध्यक्षबाई म्हणाल्या, तू फक्त आमच्यासंग चाल, बोलू नको. त्या खरंच शेवटपर्यंत बोलल्या नाहीत, पण आल्या, आणि त्या येण्याला किती छाती लागली असेल ते नोकरी केलेल्या माणसाला कळेल.

साहेब वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते. वाईट माणूस मुळीच नव्हे. चहा मागवला, बसा म्हणाले, उन्हाची चौकशी केली. मग मी विषय काढला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरले. निधी वरून आला नाही, मॅडम, मी काय करू. मी म्हटलं की निधी तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे, मी तुम्हाला निधीबद्दल विचारत नाही, शब्दाबद्दल विचारते आहे. जानेवारीतच तुम्हाला ठाऊक होतं की हे काम मागे पडलं आहे. मग साध्या मराठीत 'यंदा बहुतेक होणार नाही' असं काऊन नाही सांगितलं? रागात माझी शुद्ध मराठी सुटते.

ते म्हणाले की हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, शुभ दिवस, तिथे नाही कसं म्हणायचं. शिवाय, मी चुकीचं काहीच बोललो नाही. सुधारित अंदाजात होतंच ते, हवं तर फाइल दाखवतो.

बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर फाइल दाखवतो. मी काहीतरी जहाल बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी वातावरण हलकं करायला म्हणून अध्यक्षबाईंकडे वळून म्हटलं, "आणि बाई, तुम्हाला तर आता दर महिन्याला खात्यात मिळून राह्यले. अजून किती पाहिजे?"

मला वाटलं आता मीच टेबलावर हात आपटणार. पण अध्यक्षबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, घट्ट, जशी शेतात दोन बैलांच्या मध्ये उभी बाई कासरा धरते. त्या साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "ते मले भेटते साहेब. लेकराचं काढून मले द्या, असं मी कोनाले म्हनलं नाई."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात प्रस्ताव पुन्हा पाठवतो. अध्यक्षबाईंनी विचारलं की पुढच्या वर्षी म्हणजे साध्या अंदाजात की सुधारित. ते हसले. कुणीच सोबत हसलं नाही, तेव्हा थांबले. "पहिल्याच," ते म्हणाले. ते लिहून द्या, असं आम्ही मागितलं नाही. कागदावर तरी दुसरं काय लिहिणार होते?

परतीच्या वाटेवर एसटीत मी चिडचिड करत होते. निवेदन देऊ, वर्तमानपत्राला सांगू, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. अध्यक्षबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेतांत तूर काढून उरलेल्या तुऱ्हाट्या उभ्या होत्या आणि डाळीचा हंगाम रोज थोडा थोडा सरत होता. मला त्यांचा पेच कळत होता. यंत्र सुरू करायचं तर लेकरांना उन्हात काढावं लागणार, आणि लेकरांना बसू द्यायचं तर गटातल्या बायकांनी यंदा हातावर हात धरून बसायचं. कुणी दुसऱ्यानं केलेल्या कमी-जास्तीची भरपाई एकतर बायकांनी करायची नाहीतर लेकरांनी. मधे तिसरं कुणी नव्हतंच. मला त्या क्षणी राज्याचं सगळं बजेट, त्याच्या गुळगुळीत पानांसकट, त्या एसटीच्या चाकाखाली टाकावंसं वाटलं.

आंजीच्या थांब्यावर उतरताना त्यांनी एकच विचारलं. तुम्ही त्या दिवशी सांगत होत्या की गावाच्या पैशातही बायका-लेकरांचा हिस्सा असतो, तो किती? मी सांगितलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावात ती रक्कम लहानच असते, त्यात खोली काही बांधून होणार नाही. "खोली नको," त्या म्हणाल्या. "बांधलेलीच आहे एक." मला तेव्हा कळलं नाही आणि गाडी सुटत होती.

कळलं ते सोमवारी, सेविकाबाईंच्या फोनवरून. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला लागून सभागृह आहे. फरशी घातलेलं, पंखे असलेलं, वर्षातून काही वेळा ग्रामसभेला उघडणारं आणि बाकी वेळ कुलपात असणारं. बायकांनी रविवारी सरपंचबाईंना गाठलं. त्या दुसऱ्या एका गटाच्या. त्यांनी काही भाषण केलं नाही, घरात जाऊन किल्ली आणून दिली. सोमवारी सकाळी लाल खुर्च्या, काटा, अननसाचा तक्ता, खिचडीचं पातेलं, सगळी अंगणवाडी डोक्यावरून तिथे गेली. दहा टक्क्यांतून लेकरांच्या बसायला सतरंज्या आणि पाण्याची टाकी घ्यायची असं महिला सभेत ठरलं. आणि त्याच दुपारी शेडमधली ताडपत्री निघाली.

मी आठवड्यानं गेले. मुद्दाम गेले, कारण राहिलेला धडा पुरा करायचा होता आणि खरं सांगायचं तर बघायचंही होतं. शेडमधून यंत्राचा आवाज येत होता, बाहेर तेल लावलेली तूर उन्हात पसरली होती. आलेली तूर थोडीच होती. हिंगणघाटला गेलेले लोक तिथेच जातात म्हणे आता. हंगामाचा मोठा भाग निघून गेला तो गेलाच. कुणी तो भरून देणार नव्हतं. टाळ्या वाजवलेल्या सगळ्या बायका चुरीच्या धुळीत पांढऱ्या झालेल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, आणि मला त्यांना बघून आनंद झाला तसाच राग आला, की ही एवढी साधी गोष्ट मिळवायला यांना एवढं का करावं लागावं. अजूनही तो राग गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही.

अध्यक्षबाईंना घेऊन सभागृहात गेले तर दारात साहेब उभे. ग्रामपंचायतीच्या कुणीतरी तक्रार केली होती की सभेची जागा अंगणवाडीनं अडवली, आणि ते पाहणीला आले होते. आत लेकरं ओळीनं बसून उसळ खात होती. एक मुलगी सरपंचाच्या खुर्चीवर चढून बसली होती आणि तिला कुणी उतरवत नव्हतं. सेविकाबाई मुलांच्या नोंदी फोनवर भरत होत्या. त्यांनी साहेबांना उठून नमस्कार केला आणि पुन्हा खाली बसून कामाला लागल्या.

साहेबांनी सभागृहभर नजर फिरवली. ते चिडलेले दिसत नव्हते, अवघडलेले दिसत होते. लेकरांना इथे सावली आहे, पंखे आहेत, हे त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी शेवटी अध्यक्षबाईंना विचारलं, म्हणजे नियमाप्रमाणे मला वर लिहावं लागेल म्हणून विचारतो, ही व्यवस्था तात्पुरती आहे ना? किती दिवसांची?

अध्यक्षबाई शेडमधूनच आल्या होत्या. त्यांनी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"पयला अंदाज पावसाळ्यापर्यंतचा होता, साहेब."

"बरं," ते म्हणाले आणि डायरीत लिहायला लागले.

"आता त्याचा सुधारित अंदाज काढला आमी."

त्यांचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हनजे खोली होयेपर्यंत." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुधारित कधी वर जाते, कधी खाली. ताईनं शिकवलं. आमचा वर गेला."

साहेबांनी ते डायरीत लिहिलं की नाही मला दिसलं नाही. ते चप्पल घालून गाडीकडे गेले. खोली अजून झालेली नाही. या वर्षीच्या पुस्तकात ती ओळ मी पुन्हा लाल पेन्सिलीनं घेरून ठेवली आहे, आणि अध्यक्षबाई मला फोन करून एकच विचारतात, पहिल्या रकान्यातलं नका सांगू, चौथ्यातलंही नको, तिसऱ्यात काय आहे ते सांगा.